स्प्रिंटमधले खरे तास कसे मोजताय? आमचे ४०० तास कुठं जातात कळेना झालंय

टिळकवाडी_लीड — १९ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बेळगावातच एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तीन महिन्यांपूर्वी टीम लीड केलं (म्हणजे पगार तोच, फोन जास्त). आम्ही पाच डेव्हलपर, क्लायंट इंग्लंडचा, दोन आठवड्यांचा स्प्रिंट. मॅनेजर साहेबांचा हिशोब असा, पाच माणसं, १० दिवस, रोज ८ तास, झाले ४०० तास, तेवढं काम घ्या. मागच्या वेळी मी भीत भीत २०% कापून ३२० तासांचं काम घेतलं आणि शेवटी निम्मं पण धड झालं नाही. रेट्रोमध्ये सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसले.

आता पुढचा स्प्रिंट २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर. २७ ला गणपती बसतात, ५ ला ईद मिलादची सुट्टी, मधे गौरी. साहेब म्हणाले सुट्ट्या धर आणि ३२० घे, वर परत २०% काप म्हणजे २५६. मला हे पण खोटं वाटतंय पण खरं काय ते मांडता येईना. प्रत्येक माणसाचे नक्की किती तास हातात असतात हे तुम्ही कसं काढता? अंदाजपंचे नको, आकड्यात सांगा.

अनगोळचा_अव्या — १९ ऑगस्ट, रात्री ११.०५

एवढं डोकं कशाला लावतोस लेका. सरळ माणशी रोज ६ तास धर आणि हजर दिवसांनी गुण. आम्ही चार वर्षं हेच करूलोय, काही बिघडलं नाही. मीटिंग बिटिंग सगळं त्या दोन तासांत येतंय.

शहापूरकर — २० ऑगस्ट, सकाळी ८.१०

आमच्याकडं पण हीच बोंब आहे, पंच मशीनमध्ये ९ तास भरले नाहीत तर अर्धा दिवस कापतात. चहाला खाली गेलं तरी पंच आउट करावं लागतंय. एच्आरला लेखी द्या, कायद्यानं असं कापता येत नाही.

टिळकवाडी_लीड — २० ऑगस्ट, सकाळी ८.३१

शहापूरकर, हजेरीचा विषय नाही हो, पगाराचा पण नाही. दोन आठवड्यांत किती काम अंगावर घ्यायचं त्याचा हिशोब विचारतोय.

अव्या, ६ तासांचं मी पण करून बघितलं. पण आमच्यात एक जण आठवडाभर सपोर्टवर असतो, त्याला त्या आठवड्यात ६ तास कुठनं मिळणार? आणि मी स्वतः?

कॅम्पातला_काका — २० ऑगस्ट, दुपारी १.२०

पुण्यात बरीच वर्षं हेच केलं, आता घरी येऊन बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पण आधी तू माहिती दे. पाच जणांची नावं नकोत, टोपणनावं चालतील. कोण कधी रजेवर, सपोर्टची पाळी कुणाची, मीटिंग कुठल्या आणि त्या कॅलेंडरवर किती आणि प्रत्यक्षात किती चालतात. आणि सपोर्टला रोज किती वेळ जातो ते मनानं सांगू नकोस, मागच्या तीन-चार स्प्रिंटची तिकिटं उघड आणि त्यावर नोंदवलेला वेळ बघून सांग.

टिळकवाडी_लीड — २० ऑगस्ट, रात्री ९.५०

काका, घ्या. ऑफिस साडेनऊ ते साडेसहा, जेवणाचा एक तास काढला तर ८.

मी: रजा नाही. स्टँडअप वगैरे सगळ्यांचं ते आहेच, वर क्लायंटबरोबर एकेक तासाचे चार कॉल, दोन इंटरव्ह्यू दीड दीड तासाचे, आणि बाकीच्यांचा कोड बघायला रोज तासभर.
ताई (आमच्यात सगळ्यात सीनियर): गौरीसाठी १ आणि २ सप्टेंबर रजा. नव्या पोराला शिकवायचं काम त्यांच्याकडं, रोज एक तास.
खानापूरकर: घरून काम करतो, पहिल्या आठवड्यात सपोर्ट त्याच्याकडं. पेमेंटचा भाग फक्त ह्यालाच कळतो.
निपाणीवाली: २६ ला हरतालिका, रजा टाकलीये. दुसऱ्या आठवड्यात सपोर्ट.
नवा पोरगा: तीन महिने झालेत, रजा नाही.

स्टँडअप दुपारी २ ला (तिकडं तेव्हा साडेनऊ), कॅलेंडरवर १५ मिनिटं, होतो अर्धा तास. प्लॅनिंग अडीच तास. रिफाइनमेंट आठवड्याला एक तास. शेवटी रिव्ह्यू आणि रेट्रो मिळून दोन तास. सपोर्टची तिकिटं बघितली, जो ड्युटीवर असतो त्याचे सरासरी रोजचे ४ तास जातात. मला वाटलेलं दीड-दोन असतील!

कॅम्पातला_काका — २१ ऑगस्ट, सकाळी ११.१५

बघ, ४ निघाले की नाही. सपोर्टच्या बाबतीत सगळ्यांचं असंच होतं, कारण पाच मिनिटांचा फोन लक्षात राहत नाही आणि फोन ठेवल्यावर आधीचं काम परत डोक्यात बसवायला जातात ती पंधरा मिनिटं तर कोणीच कुठं लिहीत नाही.

आता हिशोब. आधी दिवस काढ, मग तास. २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर, शनिवार-रविवार सोडून १० दिवस, त्यातनं २७ आणि ५ गेले, राहिले ८. शीटमध्ये सुट्ट्यांची वेगळी यादी ठेवलीस तर हे एका ओळीत येतं:

```
=NETWORKDAYS(B2,B3,Holidays!A2:A20)
```

दुसरं, दिवस ८ तासांचा धरूच नकोस, ७ चा धर. तो एक तास म्हणजे चहा, मेल, चॅट, व्हीपीएन रुसणं, शेजारच्यानं येऊन "जरा बघ की" म्हणणं. हे प्रत्येकाचं सारखंच असतं म्हणून एकदाच सगळ्यांचं कापून टाकायचं. जे प्रत्येकाचं वेगळं आहे ते मात्र माणसागणिक कापायचं, तिथंच तुमचा हिशोब चुकतोय.

तुझ्यापासून सुरू करतो. ८ दिवस, ५६ तास. सगळ्यांच्या मीटिंग म्हणजे स्टँडअप ४, प्लॅनिंग अडीच, रिफाइनमेंट २, रिव्ह्यू-रेट्रो २, झाले साडेदहा. राहिले ४५.५. त्यातनं क्लायंट कॉल ४, इंटरव्ह्यू ३, कोड बघणं ८. हातात ३०.५. तू स्वतःला मागच्या स्प्रिंटमध्ये ८० तास धरला होतास ना? घे.

ताई ६ दिवस, ४२ तास. स्टँडअप ३ तासच, कारण रजेच्या दिवशी त्या स्टँडअपला नसणार, बाकी मीटिंग साडेसहा, शिकवणं ६. राहिले २६.५.

खानापूरकर ५६, मीटिंग साडेदहा, सपोर्ट चार दिवस गुणिले ४ म्हणजे १६. राहिले २९.५.

निपाणीवाली ७ दिवस, ४९. आता इथं नीट बघ. तुमचं प्लॅनिंग २५ ला होणार की २६ ला? २५ ला सोमवारी इंग्लंडात बँक हॉलिडे आहे, तुमचा क्लायंट त्या दिवशी उठणार पण नाही. म्हणजे प्लॅनिंग मंगळवारी २६ ला, आणि ती त्या दिवशी रजेवर. म्हणजे तिचे प्लॅनिंगचे अडीच तास कापायचेच नाहीत, ते रजेत आधीच गेले. स्टँडअप साडेतीन, रिफाइनमेंट २, रिव्ह्यू-रेट्रो २, सपोर्ट १६. राहिले २५.५.

नवा पोरगा ५६ वजा १०.५, राहिले ४५.५.

बेरीज १५७.५. तुझ्या साहेबांचे २५६, अव्याचे ६ गुणिले ३७ म्हणजे २२२, आणि खरे १५७.५.

अनगोळचा_अव्या — २१ ऑगस्ट, सकाळी ११.४०

काका मानलं. पण माझं चुकलं असं नाही, आमच्यात सपोर्टची टीम वेगळी आहे आणि लीड कोड लिहीत नाही, म्हणून ६ बसतंय.

कॅम्पातला_काका — २१ ऑगस्ट, दुपारी १२.०५

बरोबर आहे तुझं, तुमच्यासाठी. नव्या पोराचं बघ ना, ४५.५ भागिले ८, रोजचे ५.७ आले. तुझा ६ चा आकडा म्हणजे ज्याच्या मागं कसलाच व्याप नाही त्या माणसाचा आकडा. व्याप असलेल्यांना तो लावला की हिशोब फुगतो.

टिळकवाडी_लीड — २१ ऑगस्ट, रात्री १०.१८

काका, पोटात गोळा आला बघून. साहेबांना १५७ दाखवलं तर म्हणतील ४०० चा पगार घेता आणि १५७ तास काम करता.

अजून एक, मी कुठंतरी वाचलेलं की फोकस फॅक्टर ०.७ लावायचा. मग १५७.५ गुणिले ०.७ म्हणजे ११० धरू का?

कॅम्पातला_काका — २१ ऑगस्ट, रात्री १०.५५

अजिबात नको. तो ०.७ कशासाठी असतो? ज्यांनी मीटिंग, सपोर्ट, शिकवणं एकेक करून कापलेलं नाही त्यांच्यासाठी तो ढोबळ कात्रीचा आकडा आहे. तू सगळं कापून बसलायस, परत ०.७ लावलास तर एकाच मीटिंगचे पैसे दोनदा भरल्यासारखं. एक तर मोजून काप, नाहीतर ढोबळ काप.

मात्र १५७.५ काठोकाठ भरू नकोस. ८५% पर्यंत भर, म्हणजे १३४ च्या आसपास.

अनगोळचा_अव्या — २१ ऑगस्ट, रात्री ११.०२

हे काय काका, ०.७ दोनदा कापणं आणि ०.८५ दोनदा कापणं नाही? 😄

कॅम्पातला_काका — २१ ऑगस्ट, रात्री ११.२०

प्रश्न रास्त आहे. आतापर्यंत जे कापलं ते माहीत असलेलं. १५% जे ठेवलं ते माहीत नसलेल्याचं, कोणाला ताप आला, लाइट गेली, एखादं काम उघडल्यावर आत भलतंच निघालं. दोन-तीन स्प्रिंट झाल्यावर हे १५% शिल्लक राहायला लागलं तर कमी करायचं. पण तुझं म्हणणं अगदीच खोटं नाही, काही जण हा फरक कामाच्या अंदाजातच धरतात, आणि मग इथं परत धरला तर दोनदा होतं हे खरं.

अनगोळचा_अव्या — २१ ऑगस्ट, रात्री ११.२४

आमच्यातले सगळे अंदाजातच मिठासारखं टाकून ठेवतात, कोणी चिमूट कोणी मूठ. मला नाही पटलं पण असू दे.

उद्यमबाग_ईआरपी — २२ ऑगस्ट, सकाळी ९.३०

मी फाउंड्रीच्या आयटीत आहे, ईआरपी बघतो. आमच्यात रविवारीच सुट्टी, शनिवार पूर्ण. NETWORKDAYS दोन दिवस कमी दाखवतंय. आणि आमचा सपोर्ट म्हणजे शॉपफ्लोअरवरून कधी पण फोन, रोजची सरासरी काढायची कशी? महिनाअखेरीला स्टॉक मोजणीच्या तीन दिवसांत बाकीच्या दिवसांपेक्षा तिप्पट वेळ जातो.

कॅम्पातला_काका — २२ ऑगस्ट, सकाळी १०.१०

शनिवारचं सोपं आहे, दुसरं फंक्शन वापरा, मधला ११ म्हणजे फक्त रविवार सुट्टी:

```
=NETWORKDAYS.INTL(B2,B3,11,Holidays!A2:A20)
```

सरासरीचं म्हणाल तर एकच सरासरी काढूच नका. महिनाअखेरीचे तीन दिवस वेगळे आणि बाकीचे वेगळे, असे दोन आकडे ठेवा. जो स्प्रिंट महिनाअखेरीवर पडतो त्यात मोठा आकडा त्या तीन दिवसांपुरता लावा.

निप्पाणी_क्यूए — २२ ऑगस्ट, दुपारी १.४५

मी टेस्टिंगमध्ये आहे. तुम्ही सगळे फक्त डेव्हलपरचे तास मोजत बसलाय म्हणून मधे बोलते. ५ ला सुट्टी म्हणजे रिव्ह्यू ४ ला गुरुवारी. टेस्टिंगला निदान दोन दिवस पाहिजेत की नको? म्हणजे नवीन काम २ तारखेपर्यंत हातात आलं पाहिजे. मग ३ आणि ४ ला डेव्हलपरचे जे तास तुम्ही मोजलेत ते नवीन कामाचे नाहीतच, ते आमचे बग दुरुस्त करायचे. दर वेळी शेवटच्या दिवशी संध्याकाळी ६ ला "झालं ताई, बघा" म्हणून ढकलतात आणि काम झालं नाही म्हणून बोलणी मात्र टेस्टिंगला.

टिळकवाडी_लीड — २२ ऑगस्ट, दुपारी २.५०

ताई हे डोक्यातच नव्हतं. आमची टेस्टर तर अर्धा दिवस दुसऱ्या प्रोजेक्टवर असते.

निप्पाणी_क्यूए — २२ ऑगस्ट, दुपारी ३.०१

मग तिचे तास आधी काढा, तुमचे नंतर.

घरून_खानापूर — २२ ऑगस्ट, रात्री ८.२०

वेगळ्या पद्धतीचं सांगतो, आम्ही तास मोजतच नाही, पॉइंट मोजतो. मागच्या तीन स्प्रिंटमध्ये ३१, ३४, २८ झाले, सरासरी ३१, तेवढे घ्यायचे. मीटिंग, सपोर्ट सगळं त्यात आपोआप येतंय. एक्सेल कशाला?

(टीममधला खानापूरकर मी नव्हे बरं का, खानापुरात आम्ही बरेच आहोत.)

कॅम्पातला_काका — २२ ऑगस्ट, रात्री ९.००

पद्धत चांगली आहे आणि खरं सांगायचं तर माझी पण आवडती हीच. फक्त गणपतीच्या स्प्रिंटला ३१ घेतलेत तर बुडाल. मीटिंग आणि सपोर्ट त्या ३१ मध्ये आहेत, बरोबर, कारण ते दर वेळी तेवढेच असतात. पण सुट्ट्या आणि रजा दर वेळी सारख्या नसतात. म्हणून माणूस-दिवसांचं प्रमाण लावायचं. समजा त्या तीन स्प्रिंटमध्ये तुमचे ४७, ४८ आणि ४५ माणूस-दिवस भरले, मिळून १४०. पॉइंट मिळून ९३. म्हणजे दर दिवसाला साधारण ०.६६ पॉइंट. टिळकवाडीच्या टीमसारखी तुमची टीम ३७ दिवसांवर आली तर ३७ गुणिले ०.६६, साडेचोवीसच्या आसपास.

आणि त्यापेक्षा एखादा कमीच घ्या, कारण दिवस कमी झाले म्हणून प्लॅनिंग आणि रेट्रो लहान होत नाहीत. ८ दिवसांच्या स्प्रिंटला पण तेच साडेसहा तास लागतात.

पॉइंट घेतले तर मीटिंग परत कापायच्या नाहीत एवढं सांभाळा. मी एका ठिकाणी बघितलंय, सरासरी पॉइंट घेऊन त्यातनं मीटिंगचे तास वजा करून वर ०.८ लावलेला. मग बिचारे पाचव्या दिवशी काम संपवून कॅरम खेळत बसायचे.

घरून_खानापूर — २२ ऑगस्ट, रात्री ९.१२

कॅरमवाली कंपनी कुठली, पत्ता द्या.

टिळकवाडी_लीड — २३ ऑगस्ट, दुपारी १२.३०

आम्ही Azure DevOps वापरतो. त्यात स्प्रिंटच्या `Capacity` टॅबमध्ये प्रत्येकाचं `Capacity per day` भरायचंय. खानापूरकर पहिल्या आठवड्यात सपोर्टवर आणि दुसऱ्यात मोकळा, तर एकच आकडा कसा भरू? आठवड्याचा वेगळा देता येत नाही.

कॅम्पातला_काका — २३ ऑगस्ट, दुपारी १.००

नाही देता येत, पूर्ण स्प्रिंटला एकच आकडा. म्हणून उलटं कर, शीटमध्ये काढलेले तास त्याच्या दिवसांनी भाग आणि तो टाक. २९.५ भागिले ८, ३.७. निपाणीवालीचं २५.५ भागिले ७, ३.६. रजा `Days Off` मध्ये टाक आणि सुट्ट्या `Team Days Off` मध्ये, रजा दररोजच्या आकड्यात मुरवू नकोस नाहीतर बर्नडाउनची रेघ गणपतीच्या दिवशी पण खाली जाताना दिसेल.

पण लक्षात ठेव, टूल तुला फक्त बेरीज हिरवी की लाल ते दाखवतं. खानापूरकर २५ ते २९ मध्ये जवळजवळ काहीच करू शकणार नाही हे ३.७ मध्ये दिसत नाही. पेमेंटचं काम किती तासांचं आहे?

टिळकवाडी_लीड — २३ ऑगस्ट, दुपारी १.१५

३६ तास. आणि क्लायंटचा पहिला नंबर तोच.

कॅम्पातला_काका — २३ ऑगस्ट, दुपारी १.४०

मग टीमची बेरीज १५७ असो की ३००, पेमेंट बसत नाही. त्याचे २९.५ आहेत, ८५% म्हणजे २५. नवा पोरगा मोकळा आहे म्हणून त्याचे ४५ तास पेमेंटला लागत नाहीत, सुताराचा वेळ शिल्लक आहे म्हणून गवंड्याचं काम होत नाही. एक तर काम तोड, रिफंड बाजूला ठेवून फक्त पैसे घेण्याचा भाग घे, नाहीतर सपोर्टची पाळी बदल.

मी असतो तर पाळीच बदलली असती. आणि सपोर्टवाल्याला त्या आठवड्यात शून्य धरलं असतं. त्याचे ४ तास सपोर्टला जातात, पण उरलेले तुकड्या-तुकड्यात येतात, त्यात पेमेंटसारखं काम होत नाही, लहानसहान बग होतात. दोघांना त्यांच्या आठवड्यात शून्य धर, खानापूरकर २३ वर आणि निपाणीवाली १८.५ वर येतात, एकूण १४४.

टिळकवाडी_लीड — २३ ऑगस्ट, दुपारी २.०५

पाळी बदलता येईना, निपाणीवालीची २६ ला रजा आणि २५ ला तिला पण लवकर जायचंय. तोडतो काम. २४ तासांचा भाग निघतोय, रिफंड पुढच्या वेळी. शून्य धरायचं मात्र साहेबांना पटणार नाही, १५७.५ च धरतो आणि १३४ चं काम घेतो.

शहापूरकर — २३ ऑगस्ट, दुपारी ४.४०

१३४ तास म्हणजे माणशी रोज चार तास पण पडत नाहीत काय? ३७ दिवसांनी भागून बघितलं, ३.६. आणि आम्हाला नऊ तास पंच मारायला लावतात!

टिळकवाडी_लीड — २३ ऑगस्ट, दुपारी ४.५२

शहापूरकर, बाकीचे तास पण कामच आहे ओ. सपोर्ट, इंटरव्ह्यू, शिकवणं हे काय झोपा काढणं आहे? पण तुमचं वाक्य वाचून कळलं साहेब काय म्हणणार ते. १५७ चा आकडा एकटा पाठवत नाही, ४०० पासून खाली प्रत्येक कापलेली रक्कम ओळीनं लिहून पाठवतो, नावासकट. मग त्यांनीच सांगावं कुठली ओळ काढायची.

टिळकवाडी_लीड — ८ सप्टेंबर, रात्री ९.३०

मंडळी, स्प्रिंट झाला. विसर्जनाची मिरवणूक शनिवारी रात्रभर बघून रविवार झोपण्यात गेला म्हणून आज लिहितोय.

साहेबांना ती यादी पाठवली होती. तासांवर काही बोलले नाहीत, इंटरव्ह्यू मात्र काढून दुसऱ्या टीमच्या लीडला दिले. म्हणजे माझे तीन तास परत आले, तिथंच अर्धी जत्रा जिंकली.

१३४ तासांचं घेतलं, त्यातलं १०४ तासांचं पूर्ण झालं, टेस्टिंगसकट. राहिलेल्या ३० मध्ये २४ पेमेंटचे आणि ६ नव्या पोराचे.

पेमेंट का राहिलं ते गमतीचं आहे. सपोर्टला आपण दोघांचे मिळून ३२ तास धरलेले आणि गेले पण बरोब्बर ३२! पण खानापूरकरला २१ आणि निपाणीवालीला ११. मंगळवारी २६ ला तिकडं तीन दिवसांच्या सुट्टीनंतर सगळे ऑफिसला आले आणि साचलेली तिकिटं एकदम पडली, त्या एका दिवसात त्याचे ७ तास गेले. सरासरी बरोबर निघाली आणि माणूस चुकला. तरी त्यानं ३ तारखेला रात्री कोड संपवला, पण टेस्टरला गुरुवारी सकाळचे दोनच तास होते. निप्पाणीच्या ताईंनी सांगितलेलं तस्संच.

निप्पाणी_क्यूए — ८ सप्टेंबर, रात्री ९.४१

मी काही बोलत नाही. 🙂

कॅम्पातला_काका — ८ सप्टेंबर, रात्री १०.१५

पहिल्या खेपेला हे चांगलंच आहे. बँक हॉलिडेचं मी प्लॅनिंगसाठी सांगितलं पण दुसऱ्या दिवशीच्या तिकिटांचं माझ्या पण डोक्यात आलं नाही, चूक माझी. उद्यमबागवाल्यांना दोन आकडे ठेवा म्हणून सांगितलं आणि तुला सांगायचं राहिलं. क्लायंटच्या सुट्टीनंतरचा दिवस वेगळा धर. त्यांचा पुढचा बँक हॉलिडे आता नाताळातच.

नव्या पोराचं काय झालं? त्याला तर सगळ्यात जास्त तास होते.

टिळकवाडी_लीड — ८ सप्टेंबर, रात्री १०.३०

तेच विचारायचं होतं. त्याच्यावर ३८ तासांचं काम टाकलं होतं, पण ते अंदाज ताईंनी केलेले. ताईंना ८ तास लागतील त्याला ह्याला ११-१२ लागतात. तर पुढच्या वेळी त्याचे तास कमी धरू की कामाचा अंदाज वाढवू?

अनगोळचा_अव्या — ८ सप्टेंबर, रात्री १०.३६

तास अर्धे धर. आमच्यात सहा महिने नव्याला अर्धा माणूस धरतात.

कॅम्पातला_काका — ८ सप्टेंबर, रात्री १०.५०

मी असं करत नाही. तो ४५ तास खुर्चीत बसलेला आहे हे खरं आहे, ते कशाला खोटं लिहायचं. जो काम करणार त्यानंच अंदाज द्यायचा, म्हणजे हा प्रश्न येतच नाही.

अनगोळचा_अव्या — ८ सप्टेंबर, रात्री १०.५५

नवा पोरगा अंदाज देणार? तो प्रत्येक कामाला "दोन तास सर" म्हणणार काका. आम्ही पण तेच म्हणायचो.

घरून_खानापूर — ८ सप्टेंबर, रात्री ११.०४

😂 मी अजून म्हणतो.

उद्यमबाग_ईआरपी — ९ सप्टेंबर, सकाळी ९.१५

INTL वालं चाललं, धन्यवाद काका. स्टॉक मोजणीचे तीन दिवस वेगळे काढले तर त्या दिवसांत माझे तास उणे १.५ येतात. उणे आलं तर काय करायचं?

कॅम्पातला_काका — ९ सप्टेंबर, सकाळी ९.५०

ते दीड तास तुम्ही जेवणातनं नाहीतर घरच्या वेळेतनं काढताय. शीटमध्ये तसंच उणे राहू द्या, शून्य करू नका, आणि ती ओळ तुमच्या साहेबांना दाखवा.